सभागृहात एलईडी वॉल लावायचीय? आधी पहिल्या रांगेचं अंतर मोजा, मग पिच ठरवा

मंडळाच्या सभागृहात प्रोजेक्टर काढून एलईडी वॉल लावायचं ठरलं, की इंदुरात पहिला दुकानदार विचारतो, "पी टू पॉइंट फाइव्ह चाहिए या पी थ्री?" आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. मग तोच सांगतो, "भाईसाब, जितने एमएम उतने मीटर, बस." दुसऱ्या दुकानात गेलात तर तिथला माणूस म्हणतो, दर मिलिमीटरला दहा फूट धरा. या दोन उत्तरांत तिपटीचा फरक आहे, आणि त्या फरकात काही लाख रुपये इकडचे तिकडे होतात.

राजेंद्रनगर भागातल्या आमच्या मंडळाच्या सभागृहासाठी ही खरेदी माझ्या गळ्यात पडली होती. त्या निमित्ताने जे समजलं ते क्रमाने लिहितोय. कुठला ब्रँड घ्यावा हे इथे सापडणार नाही. तुमच्या हॉलला किती पिच पुरेल, हे दुकानात पाऊल टाकण्याआधी तुमचं तुम्हाला ठरवता यावं, एवढाच हेतू आहे.

आधी पिच म्हणजे काय ते एका वाक्यात. एका पिक्सेलच्या मध्यापासून शेजारच्या पिक्सेलच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात, ते पिच. पी २.५ म्हणजे दर अडीच मिलिमीटरला एक पिक्सेल. आकडा जितका लहान तितकं चित्र दाट आणि खिसा हलका.

बरोबर काय हवं

- पंधरा मीटरचा टेप, शक्य असल्यास लेसरचा अंतरमापक
- सभागृहाचा हाताने काढलेला आराखडा: रंगमंचाची खोली, उंची, कमानीची रुंदी, खुर्च्यांच्या रांगा
- वर्षभरातल्या कार्यक्रमांची यादी, आणि प्रत्येकासमोर "पडद्यावर काय दाखवणार" व "पुढे कोण बसणार" हे दोन रकाने
- पेन ड्राइव्हमध्ये मराठी मजकुराची एक स्लाइड (ती कशी करायची ते पुढे येईल)
- साधी स्टीलची पट्टी. ही शेवटी लागते, पण विसरू नका.

१. सर्वात जवळचा डोळा शोधा

सगळा हिशेब या एका मापावर उभा राहतो आणि नेमकं हेच माप लोक अंदाजाने सांगतात. "पहिली रांग वीस-बावीस फुटांवर असेल" असं म्हणून चालत नाही. माप घ्यायचं ते बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून पडद्याच्या पृष्ठभागापर्यंत.

इथे पहिला फसवा भाग येतो. बहुतेक जण मागच्या भिंतीपासून मोजतात. पण पडदा भिंतीला चिकटून बसत नाही. मागे लोखंडी सांगाडा, वायरिंग, हवा खेळायला जागा आणि दुरुस्तीसाठी माणूस शिरायचा असेल तर त्याची जागा, असं करत पडदा पुढे सरकतो. पडदा ज्या लहान तुकड्यांनी बनतो ती मॉड्यूल पुढून निघणारी असतील तर जागा कमी लागते, मागून निघणारी असतील तर बरीच. आमच्याकडे हे अंतर ६० सेंटिमीटर आलं. म्हणून आधी सांगाडा किती पुढे येणार ते विचारा आणि तिथे रंगमंचावर खडूने रेघ मारा. टेपचं टोक त्या रेघेवर ठेवायचं.

दुसरी गोष्ट, पहिली रांग म्हणजे नेहमी खुर्च्यांचीच रांग नव्हे. तुमची कार्यक्रमांची यादी इथे कामाला येते. व्याख्यानाला, नाटकाला लोक खुर्च्यांवर बसतात. पण कीर्तन असेल, गणेशोत्सवातली मुलांची स्पर्धा असेल, तर खुर्च्यांच्या पुढे सतरंज्या पडतात आणि पोरं रंगमंचाला टेकून बसतात. आमच्या सभागृहात खडूच्या रेघेपासून रंगमंचाची पुढची कड ३.३ मीटर आहे. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतला डोळा ६.२ मीटरवर येतो, तर सतरंजीवरच्या पहिल्या मुलाचा डोळा ४.२ मीटरवर. म्हणजे एकाच हॉलला "सर्वात जवळचं अंतर" दोन निघाली. दोन्ही लिहून ठेवा. एकच आकडा धरला तर पुढे एकतर विनाकारण महाग पिच घ्याल किंवा पोरांना ठिपके दाखवाल.

साखरपुड्याला हॉल भाड्याने दिला की पाहुणे पडद्याला खेटून सेल्फी काढतात. त्यांचं अंतर मोजायचं नाही. ते पडद्याकडे पाठ करून उभे असतात.

२. अंतरावरून पिच काढा

आता त्या दोन दुकानदारांकडे परत जाऊ. दोघेही खोटं बोलत नव्हते. ते एकाच मापपट्टीवरच्या दोन टोकांचे आकडे सांगत होते.

चांगल्या नजरेच्या माणसाला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात डोळ्यापाशी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. त्याहून कमी कोन असला की ठिपके एकमेकांत मिसळतात. हिशेब केला तर १ मिलिमीटरचं अंतर ३.४४ मीटरवरून बरोबर एवढाच कोन करतं. म्हणून पिचचा आकडा गुणिले ३.४४ इतक्या मीटरवर गेलात की पिक्सेल दिसायचे बंद होतात. पी २.५ साठी हे अंतर ८.६ मीटर येतं.

"मिलिमीटरला दहा फूट" म्हणजे मिलिमीटरला सुमारे ३ मीटर. हा नियम पिक्सेल जवळपास दिसूच नयेत या टोकाचा आहे. "जितने एमएम उतने मीटर" हे दुसरं टोक. तिथे पिक्सेल उघड दिसतात, पण डोळा त्यातून चित्र जुळवून घेतो. हलत्या व्हिडिओसाठी ही किमान मर्यादा आहे. त्यावर वाचायला बसलात तर डोळे दुखतात.

दोन्हींच्या मध्ये कामाचा नियम सापडतो. मी तो असा वापरतो:

```
वाचायचा मजकूर : पिच = जवळचं अंतर (मीटर) ÷ २
व्हिडिओ, फोटो  : पिच = जवळचं अंतर (मीटर) ÷ १.५
```

उत्तर येईल तो कमाल आकडा. त्याच्याएवढं किंवा त्याहून लहान पिच घ्यायचं. भागायला ३.४४ घेतलं तर पिक्सेल मुळीच न दिसणारं पिच मिळेल. पण बैठकीच्या खोलीतली किंवा स्टुडिओतली भिंत असेल तरच तेवढा खर्च करण्यात अर्थ आहे. सभागृहात पहिल्या रांगेतला माणूस अध्येमध्ये पिक्सेल शोधायला गेला तर त्याला ते दिसतील. तो शोधत नसतो, हे आपल्या पथ्यावर पडतं.

फुटांत मोजलं असेल तर आधी ०.३०५ ने गुणून मीटर करा. इंदुरात सगळा व्यवहार फुटांत चालतो आणि पिच मात्र मिलिमीटरमध्ये, त्यामुळे इथे गोंधळ ठरलेला.

३. कोण काय बघणार, ते अंतराशी जोडा

आता आमचे दोन आकडे घेऊ. नुसतं सर्वात कमी अंतर धरलं आणि मजकुराचा नियम लावला तर ४.२ ÷ २ = २.१, म्हणजे पी २ घ्यावं लागलं असतं. विक्रेत्याने तर पी १.८६ सुचवलं होतं.

पण ४.२ मीटरवर कोण बसतं? मुलं. ती तिथे बसून काय बघतात? नाचाच्या मागची चित्रं, गोष्टीचा व्हिडिओ, मोठ्या अक्षरातलं स्पर्धेचं नाव. बारीक मजकूर वाचायला कुणी सतरंजीवर बसत नाही. कीर्तनात पडद्यावर अभंगाच्या ओळी येतात, पण त्या मागच्यांनाही वाचता याव्यात म्हणून मोठ्याच ठेवाव्या लागतात. म्हणून इथे व्हिडिओचा नियम: ४.२ ÷ १.५ = २.८. खुर्च्यांवरून मात्र व्याख्यानाच्या स्लाइड, तक्ते, नकाशे बघितले जातात. तिथे मजकुराचा नियम: ६.२ ÷ २ = ३.१.

दोन्हींतला लहान आकडा २.८. बाजारात त्याच्या खाली सहज मिळणारं पहिलं पिच म्हणजे पी २.५. (भाड्याच्या पडद्यांत पी २.६ असतं, तेही चाललं असतं.) पी ३.०७ हे खुर्च्यांना पुरलं असतं, सतरंजीला नाही. पी २ हे दोघांना पुरून उरलं असतं, पण त्या उरण्याचे पैसे मंडळाने का द्यायचे?

तुमच्या हॉलमध्ये उत्तर वेगळं येईल. रंगमंच जेमतेम आठ फूट खोल असेल आणि लोक पुढेच बसत असतील तर पी १.८६ ला पर्याय उरत नाही. उलट रंगमंच खोल असेल आणि पुढे बैठक कधीच पडत नसेल तर पी ३ किंवा पी ४ वर भागून जाईल.

४. शेवटच्या रांगेकडून उलट तपासा

पिच जवळच्या डोळ्यावरून ठरतं, पण पडद्याचा आकार शेवटच्या डोळ्यावरून. आणि आकार ठरला की पिचचा निर्णय पुन्हा एकदा तपासून बघता येतो.

पडद्याची उंची किमान शेवटच्या अंतराच्या सहाव्या भागाएवढी ठेवतात. आमची शेवटची रांग पडद्यापासून १७ मीटरवर आहे, म्हणजे उंची साधारण २.८ मीटर हवी. अक्षरासाठीही असाच अंदाज आहे: शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी असावी. १७ मीटरला ती साडेआठ सेंटिमीटर येते.

पी २.५ वर साडेआठ सेंटिमीटर म्हणजे ३४ पिक्सेल. पी ३.०७ वर २८. पी ४ वर अवघे २१. इंग्रजी अक्षर २१ पिक्सेलमध्ये ठीक बसतं, कारण त्याला वर-खाली फारसं काही चिकटलेलं नसतं. आपल्याकडे "ज्ञानेश्वरी" किंवा "संकीर्तन" लिहून बघा. अनुस्वाराला आणि रफाराला दोन-तीनच पिक्सेल उरतात, "श्व" मधली फट बुजते आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीत फरक कळेनासा होतो. मराठी मजकूर नेहमी दाखवायचा असेल तर शेवटच्या रांगेसाठी लागणारं अक्षर ३० पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. एलईडी विकणाऱ्यांची पत्रकं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात, तिथे हा मुद्दा सापडत नाही. आमच्या बाबतीत पी ३.०७ आणि पी ४ दोन्ही इथेच बाद झाली असती, मग पहिली रांग कितीही लांब असो.

पुढच्या रांगेची मानही बघून घ्या. पडद्याच्या वरच्या कडेकडे बघताना नजर तीस-पस्तीस अंशांहून वर जायला नको. पडदा रंगमंचापासून दोन फूट वर सुरू केला तर आमच्या खुर्च्यांवरून हा कोन २८ अंशांच्या आत राहतो. सतरंजीवरून तो ४० च्या आसपास जातो. मुलांना त्याचं काही वाटत नाही, आजोबांना खुर्ची द्यावी.

५. कॅबिनेटमध्ये बसवा आणि पिक्सेल मोजा

पडदा तुम्हाला हव्या त्या मापात मिळत नाही, तो कॅबिनेटच्या, म्हणजे मॉड्यूल बसवलेल्या तयार चौकटींच्या पटीत मिळतो. बंदिस्त जागेत कायम बसवायच्या पडद्यांत ६४० × ४८० मिलिमीटरचं कॅबिनेट बरंच चालतं. आडवी ८ आणि उभी ६ लावली की ५.१२ × २.८८ मीटरचा पडदा होतो. गुणोत्तर अचूक १६:९, उंची आपल्याला हवी तेवढी. एकूण कॅबिनेट ४८.

पी २.५ मध्ये एका कॅबिनेटमध्ये २५६ × १९२ पिक्सेल बसतात. पूर्ण पडदा २०४८ × ११५२, म्हणजे सुमारे २३.६ लाख पिक्सेल. हाच पडदा पी २ मध्ये घेतला तर पिक्सेल ३६.९ लाख, पी १.८६ मध्ये ४२.६ लाख. पी २.५ च्या तुलनेत अनुक्रमे दीडपट आणि पावणेदोन पटीहून थोडं जास्त. किंमत अगदी याच प्रमाणात वाढत नाही, पण दिशा तीच.

आणि वाढ फक्त पॅनेलच्या किमतीत होत नाही. लॅपटॉपचं चित्र पडद्यापर्यंत पोचवणाऱ्या कंट्रोलरच्या एका नेटवर्क पोर्टवरून साधारण साडेसहा लाख पिक्सेल जातात. पी २.५ ला एका पोर्टवर १३ कॅबिनेट बसतात, म्हणजे चार पोर्टचा कंट्रोलर पुरतो, प्रत्येकावर बारा-बारा. पी १.८६ ला एका पोर्टवर सातच बसतात आणि सात पोर्ट लागतात. कोटेशनमध्ये पॅनेलचा भाव कमी करून दाखवायचा आणि कंट्रोलर "एक्स्ट्रा" लिहायचा, ही नेहमीची चाल आहे. पोर्टचा हिशेब स्वतः केलेला असला की ती लगेच लक्षात येते.

आता एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. लॅपटॉप १९२० × १०८० चं चित्र देतो आणि आपला पडदा २०४८ × ११५२ चा. कंट्रोलर चित्र थोडं ताणून पूर्ण पडद्यावर बसवतो. व्हिडिओत ते कळत नाही, पण अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि मग लोक म्हणतात, पिच कमी पडलं. पिच पुरेसं असतं, ताण चुकीचा असतो. उपाय दोन. एकतर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये २०४८ × ११५२ हेच रिझोल्यूशन करून घ्यायचं, किंवा ताणणं बंद करून पिक्सेलला पिक्सेल दाखवायचं. दुसऱ्या पद्धतीत डावी-उजवीकडे १६ सेंटिमीटर आणि वर-खाली ९ सेंटिमीटर काळी पट्टी राहते. व्याख्यानाला आम्ही ती राहू देतो.

६. "थोडं बारीकच घ्या" या सल्ल्याबद्दल

समितीच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं की एकदाच घ्यायचंय, तर चांगलंच घ्या. फ्रिज घेताना हे ठीक आहे. इथे बारीक पिच म्हणजे प्रत्येक बाबतीत चांगलं असं नाही.

पिच लहान झालं की दिवे लहान होतात आणि बोर्डावरचा त्यांचा टाका नाजूक होतो. मुलांच्या नाचात काठी लागली, नेपथ्याची फळी घासली, झाडूवाल्याने ओल्या फडक्याने पुसलं, की खालच्या ओळीतले दिवे निखळतात. पी २.५ वरही हे होतं, पी १.५ वर जास्त सहज. ज्या रंगमंचावर नाटक आणि नाच होतात तिथे याचा विचार आधी करा. अंतरामुळे बारीक पिच घ्यावंच लागलं तर उघड्या दिव्यांऐवजी वरून पारदर्शक थर दिलेले पॅनेल मागा. बाजारात त्यांना सीओबी किंवा जीओबी म्हणतात. धक्का सोसतात, पण जीओबीचा एखादा दिवा गेला तर स्थानिक मेकॅनिकला तो बदलणं अवघड जातं.

सांध्यांचंही तसंच. दोन मॉड्यूलमधली फट केसाएवढी वाढली तरी पी १.८६ वर ती काळी रेघ म्हणून दिसते, कारण पिक्सेलच्या अंतराच्या मानाने ती मोठी असते. पिच मोठं असलं की तीच फट खपून जाते. बारीक पिचला सांगाडा आणि बसवणारा कारागीर दोन्ही जास्त चोख लागतात.

बारीक पिच खरोखर उपयोगी पडतं ते कॅमेऱ्यासमोर. कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण करत असाल आणि वक्त्याच्या मागे पडदा स्पष्ट दिसत असेल, तर पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांत अडकून लहरी उमटतात. पिच बारीक असलं की त्या कमी होतात. पण वक्त्याला पडद्यापासून दोन मीटर पुढे उभं करून पडदा किंचित फोकसबाहेर ठेवला तरी बराच फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. काळे आडवे पट्टे दिसत असतील तर ती पिचची भानगड नाही, रिफ्रेश रेटची, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटवतो त्याची. कॅमेरा चालणार असेल तर ३८४० हर्ट्‌झचे पॅनेल मागा.

७. डेमो बघताना

दुकानातला डेमो पोपट, फुलं आणि धबधब्यांचा असतो. त्यात कुठलंही पिच सुंदर दिसतं. शिवाय दुकान लहान असल्यामुळे तुम्ही दोन मीटरवरून बघता आणि पी १.८६ च्या प्रेमात पडता. विक्रेत्याला तेच हवं असतं.

टेप काढा. आपल्या मोजलेल्या अंतरावर खुर्ची ठेवा, दुकानात जागा नसेल तर दार उघडून बाहेर जा. खरंच. आमच्या ६.२ मीटरसाठी मी फुटपाथवर उभा होतो आणि येणारे-जाणारे दुकानात काय चाललंय ते वाकून बघत होते.

मग आपली स्लाइड लावायला सांगा. तिच्यात पांढऱ्यावर काळी आणि काळ्यावर पांढरी अशा दोन्ही पद्धतींनी तोच मजकूर असावा, तीन आकारांत: अक्षराची उंची साधारण १६, २४ आणि ३४ पिक्सेल. डेमोचा पडदा लहान असतो, म्हणून त्याचं रिझोल्यूशन आधी विचारून स्लाइड तेवढ्याच पिक्सेलची करून न्या आणि ती न ताणता दाखवायला लावा. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आणि अनुस्वार मुद्दाम घाला. आपल्या अंतरावरून काठाचे दात दिसत नसतील आणि वेलांटी ओळखू येत असेल, तर पिच पास.

दिवे बंद करून ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणायला सांगा. सभागृहात अंधारात तो एवढाच ठेवावा लागतो, नाहीतर पहिल्या रांगेचे डोळे दिपतात. हलक्या दर्जाच्या पॅनेलमध्ये अशा वेळी सावल्यांचे पट्टे पडतात, चेहऱ्याची गडद बाजू लालसर किंवा हिरवट होते. हे पूर्ण प्रकाशात कधीच दिसत नाही. घरातली सर्वात म्हातारी आणि सर्वात तरुण अशी दोन माणसं बरोबर नेली तर उत्तम. चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्याला पिक्सेल दिसले नाहीत, भाचीला दिसले.

८. कोटेशन आणि माल

कोटेशनमध्ये नुसतं "पी २.५ इनडोअर" लिहिलेलं चालवून घेऊ नका. एवढं तरी लिहून मागा:

- मॉड्यूलचं माप आणि त्यातले पिक्सेल (पी २.५ साठी बहुधा ३२० × १६० मिलिमीटर आणि १२८ × ६४)
- पूर्ण पडद्याचे आडवे-उभे पिक्सेल
- रिफ्रेश रेट
- कंट्रोलरचे पोर्ट आणि त्याची पिक्सेल-क्षमता
- प्रति चौरस मीटर कमाल वीज, म्हणजे थ्री फेज लागेल का ते इलेक्ट्रिशियनला विचारता येईल
- पुढून उघडणार की मागून
- त्याच बॅचची किती मॉड्यूल सुटी देणार

"व्हर्च्युअल पिक्सेल" किंवा "डायनॅमिक रिझोल्यूशन" असे शब्द दिसले तर थांबा. त्यात शेजारच्या पिक्सेलचे रंग वाटून घेऊन रिझोल्यूशन फुगवून सांगतात. अक्षराच्या काठाला उपयोग होतो तो खऱ्या पिक्सेलचा, म्हणून हिशेबात तेवढेच धरा.

माल आला की स्टीलची पट्टी काढा. मॉड्यूलवर ठेवून १०० मिलिमीटरमध्ये किती पिक्सेल बसतात ते मोजा. पी २.५ असेल तर चाळीस. तेहतीसच्या आसपास भरले तर तुमच्या हातात पी ३ आहे, कागदावर काहीही लिहिलेलं असो. मॉड्यूलच्या पाठीवरचा स्टिकरही वाचा आणि सगळ्या खोक्यांवर एकच बॅच क्रमांक आहे का ते बघा. बॅच वेगवेगळी असली की पूर्ण पांढरा पडदा लावल्यावर चौकोनी ठिगळं दिसतात. ती पहिल्या रांगेतून तर दिसतातच, शेवटच्या रांगेतूनही दिसतात.

पडदा उभा राहिल्यावर पूर्ण लाल, पूर्ण हिरवा, पूर्ण निळा आणि पूर्ण पांढरा असे चार रंग एकेक करून लावा आणि सतरंजीच्या जागी खाली बसून बघा. मेलेले पिक्सेल, रेघा, ठिगळं, सगळं कागदावर जागेसकट लिहा आणि त्यावर विक्रेत्याच्या माणसाची सही घ्या. शेवटचा हप्ता ही यादी मिटल्यावर द्या. सुटी मॉड्यूल सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात कार्यक्रम नसला तरी आठवड्यातून एकदा पडदा कमी ब्राइटनेसवर तासभर चालवत जा, म्हणजे आत धरलेली ओल निघून जाते.